प्लेजरिझम रिपोर्ट ४ टक्के, तरी संशय कशाचा? दोन वेगळ्या तपासण्या समजून घेऊ

"दादा, रिपोर्ट चार टक्के आहे. दहाच्या आत आहे. मग मी चोर कशी?"

गेल्या वर्षी आष्ट्यातल्या आमच्या अभ्यासिकेत बसून आमच्या एका कार्यकर्तीने विचारलेला हा प्रश्न. तिने आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या स्त्रियांवर संशोधन प्रबंध लिहिला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे एमएसडब्ल्यू, आणि प्रबंध इंग्रजीत. घरात पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिच्या हातात प्लेजरिझमचा रिपोर्ट होता, त्यावर ४ टक्के. तिच्या मार्गदर्शकांच्या हातात दुसरा रिपोर्ट होता, त्यावर ७१ टक्के. दोन्ही कागद एकाच प्रबंधाचे होते. कॉलेजचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण असे प्रसंग आता कुठेही घडू शकतात.

तिला वाटत होते की दोनपैकी एक रिपोर्ट खोटा आहे. खरे तर दोन्ही यंत्रांनी आपापले काम केले होते. पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होती आणि तिच्या मनातला प्रश्न त्यांपैकी कोणाचाच नव्हता. आपल्या वस्त्यांतून पीएचडी, एमफिल, एमएसडब्ल्यूपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींना हा फरक नीट कळायला हवा. फेलोशिप, पदवी आणि नाव, तिन्ही यावर टांगलेले असते.

पहिले यंत्र काय पाहते?

प्लेजरिझम तपासणारे सॉफ्टवेअर आपला मजकूर 'वाचत' नाही, ते तो जुळवून पाहते. त्याच्याकडे आधी जमवलेला मोठा साठा असतो: इंटरनेटवरची पाने, संशोधन नियतकालिके, जुने प्रबंध, इतर विद्यार्थ्यांनी आधी तपासायला दिलेली कामे. आपला मजकूर आत गेला की त्याचे शब्दांचे छोटे छोटे गट केले जातात आणि प्रत्येक गट त्या साठ्यात शोधला जातो. सापडला की रंग लागतो. शेवटी रंगलेल्या शब्दांचे एकूण शब्दांशी प्रमाण काढले की टक्केवारी तयार.

एक उदाहरण करून पाहू. समजा, कुणाच्या तरी प्रबंधात हे वाक्य आहे:

"आष्ट्याच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बहुतेक स्त्रिया शेजारच्या गावांतून पहाटेच इकडे येतात."

यात १२ शब्द आहेत. यंत्र पाच-पाच शब्दांचे गट करते असे धरू. पहिला गट पहिल्या ते पाचव्या शब्दाचा, दुसरा दुसऱ्या ते सहाव्या शब्दाचा, असे करत एकूण ८ गट होतात. वाक्य जसेच्या तसे उचलले तर आठही गट जुळतात आणि चोरी लगेच दिसते.

आता फक्त दोन शब्द बदलू. चौथा शब्द 'भाजी' आहे, तिथे 'भाजीपाला' लिहू. नववा शब्द 'गावांतून' आहे, तिथे 'खेड्यांतून' लिहू. चौथा शब्द पहिल्या चार गटांत होता, म्हणून ते चारही गट बिघडले. नववा शब्द उरलेल्या चार गटांत होता, तेही बिघडले. आठपैकी एकही गट जुळत नाही. कल्पना तीच, माहिती तीच, वाक्याची रचना तीच, पण या पद्धतीने साम्य शून्य.

प्रत्यक्षातली चांगली सॉफ्टवेअर याहून हुशार असतात. ती थोडेफार बदललेले शब्दही ओळखतात, आजूबाजूचे गट जोडून पाहतात. तरी मूळ तत्त्व हेच राहते. साठ्यातल्या एखाद्या मजकुराशी शब्दांचे साम्य सापडले का, एवढेच ते सांगते. म्हणून त्या कागदाला 'चोरीचा रिपोर्ट' म्हणण्यापेक्षा 'साम्याचा रिपोर्ट' म्हणणे जास्त बरोबर.

या पद्धतीचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा. प्रत्येक रंगलेल्या ओळीपुढे ती कुठून आली हे लिहिलेले असते. आपण तो मूळ मजकूर उघडू शकतो, दोन्ही शेजारी ठेवू शकतो आणि स्वतःच्या डोळ्यांनी ठरवू शकतो. आरोप झाला तर पुरावा समोर असतो आणि तो खोडताही येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'क्लीन' रिपोर्ट कशामुळे येतो?

आपल्याकडे हे सगळे यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीवर चालते. त्यात चार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचे. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. २०१९ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना तपासणीचे सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. त्यामुळे दहाच्या आत आले की सुटलो, असे गणित मुलांच्या डोक्यात पक्के बसले.

पण दहाच्या आत येणे म्हणजे काय? फक्त एवढेच की यंत्राला साठ्यात साम्य सापडले नाही. सापडले नाही याची कारणे अनेक असू शकतात आणि 'काम स्वतःचे आहे' हे त्यांपैकी फक्त एक.

एक कारण म्हणजे मूळ मजकूर साठ्यातच नसणे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या वाचनालयांत अशी कितीतरी मराठी पुस्तके, स्मरणिका, जयंती विशेषांक आणि चळवळीच्या पुस्तिका पडून आहेत, ज्यांचे एकही पान इंटरनेटवर आलेले नाही. त्यातले अख्खे प्रकरण कुणी टाइप करून घेतले तरी साम्य शून्य येईल. आपल्या चळवळीतल्या जुन्या लेखकांचे लिखाण असे सहज लुटले जाऊ शकते, आणि लुटणाऱ्याच्या हातात 'क्लीन' रिपोर्ट असतो.

दुसरे कारण भाषांतर. इंग्रजी प्रबंधातले प्रकरण मराठीत आणले किंवा मराठीतले इंग्रजीत नेले की शब्दांचे गट जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. काही सॉफ्टवेअर दोन भाषांमधले साम्यही शोधू पाहतात, पण मराठीच्या बाबतीत त्यावर विसंबून राहता येत नाही.

तिसरे कारण खास आपल्याकडे जाणवणारे आहे. ते म्हणजे फॉन्ट. अनेक वर्षे आपल्याकडचे प्रबंध डीटीपी सेंटरवर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाले. कागदावर ते सुंदर मराठी दिसते, पण संगणकाच्या आत ती युनिकोड अक्षरे नसतात. तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. कृतिदेवमध्ये 'भारत' या शब्दाच्या जागी संगणकाला दिसते ते असे:

```
Hkkjr
```

आता हा जुना प्रबंध साठ्यात असला आणि कुणी तोच मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून दिला, तर यंत्राला दोन्हींत एकही अक्षर सारखे दिसत नाही. स्कॅन केलेल्या प्रबंधांचे तर याहून वाईट. ती पानांची छायाचित्रे असतात, त्यांत यंत्राला वाचायला मजकूरच नसतो. म्हणून मराठी प्रबंधाचा '२ टक्के' रिपोर्ट पाहिला की मी आधी विचारतो, तपासणीला दिलेली फाइल युनिकोडमध्ये होती का? ते कळण्याचा उपाय सोपा आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून मोबाइलवर स्वतःलाच मेसेजमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी दिसली तर ठीक. चिन्हांची खिचडी दिसली तर त्या रिपोर्टला अर्थ नाही.

चौथे कारण गेल्या काही वर्षांतले. मजकूर यंत्राने लिहिलेला असू शकतो.

यंत्राने लिहिलेले पहिल्या यंत्राला का सापडत नाही?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले. असे मॉडेल कुठल्या तरी पुस्तकातले पान शोधून आणून देत नाही. प्रचंड मजकुरावर तयार झालेले ते मॉडेल, आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत एकेक शब्द मांडत जाते. त्यामुळे बनलेले वाक्य बहुतेक वेळा जगात त्याच क्रमाने आधी कुणीच लिहिलेले नसते. मूळ प्रतच नाही, तर जुळवणार कशाशी?

म्हणजे एखाद्याने बाजारात एकदाही पाऊल न टाकता 'भाजी विकणाऱ्या स्त्रियांच्या समस्या' या विषयावर शंभर पाने यंत्राकडून लिहून घेतली, तर त्याचा साम्य रिपोर्ट २ टक्के येऊ शकतो. पहाटे पाचला बाजारात उभे राहून ४० मुलाखती घेतलेल्या मुलीचा रिपोर्ट मात्र १५ टक्के येऊ शकतो, कारण तिने संविधानातली कलमे, कायद्यातल्या व्याख्या आणि सरकारी अहवालातली वाक्ये घेतलेली असतात. टक्केवारीकडे पाहून दोघांचा निवाडा केला तर नेमका उलटा निवाडा होईल.

आणखी एक बारीक गोष्ट. यूजीसीच्या नियमांनुसार तपासणीतून संदर्भसूची वगळली जाते. ते योग्यच आहे, कारण एकाच पुस्तकाचे नाव सगळ्यांच्या सूचीत सारखेच येणार. पण यंत्राने लिहून घेतलेल्या मजकुराचा सर्वात मोठा दोष तिथेच असतो: अस्तित्वात नसलेली पुस्तके, खऱ्या लेखकाच्या नावावर टाकलेले खोटे लेख. जिथे लबाडी उघडी पडली असती, तो भाग या तपासणीच्या बाहेरच राहतो. परीक्षकाने सूचीतले कोणतेही पाच संदर्भ निवडून ते खरोखर आहेत का आणि त्या पानावर तसे लिहिले आहे का हे पाहिले, तर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळते.

दुसरे यंत्र काय पाहते?

आता मार्गदर्शकांच्या हातातल्या ७१ टक्क्यांकडे येऊ. तो एआय डिटेक्टरचा आकडा होता. हे यंत्र साठ्यात काहीही शोधत नाही. ते मजकुराची ढब पाहते: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यांची लांबी आणि वळण सारखेच आहे की कमीजास्त होते, अशा खुणांवरून हे माणसाचे की यंत्राचे याचा अंदाज बांधते.

'अपेक्षित शब्द' म्हणजे काय ते आपल्याच उदाहरणाने पाहू. मी 'जय' म्हटले की हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात 'भीम' हाच शब्द येईल. दुसऱ्या वस्तीत दुसरा शब्द येईल. म्हणजे अपेक्षित काय हे त्याने आधी काय वाचले-ऐकले त्यावर ठरते. डिटेक्टरचेही तसेच. त्याला शिकवताना जो मजकूर दिला गेला, त्यावरून तो सगळ्यांचे मोजमाप करतो.

यात पहिल्या यंत्राचा तो मोठा गुण नाही. ७१ टक्के म्हटले, पण कशावरून? दाखवायला मूळ प्रत नाही, शेजारी ठेवून तुलना करायला काही नाही. काही ओळी रंगवलेल्या असतात, पण रंग म्हणजे पुन्हा त्याच यंत्राचा अंदाज. साम्य रिपोर्ट चुकला तर तुम्ही मूळ पान उघडून चूक दाखवू शकता. डिटेक्टर चुकला तर खोडायला हातात काहीच नसते. 'मी लिहिले आहे' एवढेच म्हणता येते.

आणि तो चुकतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला होता. कंपनीने दिलेले आकडे असे: यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच तो ओळखत होता आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला तो यंत्राचा ठरवत होता. याचा अर्थ आकडेमोडीने पाहू. समजा १०० प्रबंध आहेत, त्यांतले २० यंत्राने लिहिलेले आणि ८० विद्यार्थ्यांनी स्वतः. २० पैकी साधारण ५ पकडले जातील, १५ सुटतील. ८० पैकी साधारण ७ विनाकारण अडकतील. म्हणजे पकडलेल्या १२ जणांत ७ निर्दोष. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने तो डिटेक्टर बंद केला.

आजचे डिटेक्टर त्याहून सुधारलेले आहेत. टर्निटिन कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला आणि चुकीचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी असल्याचा दावा केला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने या दाव्यावरच हिशेब मांडला. त्यांच्याकडे २०२२ मध्ये ७५ हजार पेपर तपासले गेले होते. त्याचा १ टक्का म्हणजे ७५० पेपरांवर चुकीचा ठपका. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय बंद केली. टर्निटिन स्वतःही सांगते की फक्त या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये, आणि हा आकडा साम्याच्या आकड्यापासून स्वतंत्र आहे.

चुकीचा ठपका कोणावर जास्त बसतो?

आपल्यासाठी खरा मुद्दा हा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. त्यांना दोन प्रकारचे निबंध दिले. एक, अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे. दुसरे, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध. सगळे माणसांनीच लिहिलेले. आठवीच्या मुलांचे निबंध डिटेक्टरांनी जवळजवळ अचूक ओळखले. टोफेलच्या निबंधांपैकी मात्र सरासरी ६१ टक्के यंत्राने लिहिलेले ठरवले. ९१ पैकी ८९ निबंध किमान एका डिटेक्टरने तरी संशयित ठरवले.

कारण समजायला अवघड नाही. परक्या भाषेत लिहिणारा माणूस सावध असतो. तो ओळखीचे शब्द वापरतो, सोपी, पाठ झालेली वाक्यरचना धरून चालतो. म्हणजे त्याचा पुढचा शब्द 'अपेक्षित' असतो. डिटेक्टर नेमके तेच यंत्राचे लक्षण मानतो. त्याच संशोधकांनी ते निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्दसंपदा जास्त भारदस्त करून घेतली, तेव्हा चुकीचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास उतरले. म्हणजे स्वतः लिहिलेले इंग्रजी संशयित आणि यंत्राने सजवलेले इंग्रजी स्वच्छ!

मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली आपली मुले अशीच सावध इंग्रजी लिहितात. इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांच्यापेक्षा या यंत्राचा धोका त्यांना जास्त. मराठीत प्रबंध असेल तर आणखी एक प्रश्न येतो. टर्निटिनचा हा डिटेक्टर आधी फक्त इंग्रजीसाठी होता, नंतर स्पॅनिश आणि जपानी जोडल्या गेल्या. मराठी मजकुरावर कुणी टक्केवारी काढून दाखवली, तर ते सॉफ्टवेअर मराठीसाठी तपासलेले आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

आमच्या प्रकरणात काय घडले होते?

बोलता बोलता त्या मुलीने हळूच सांगितले. पहिल्यांदा रिपोर्ट काढला तेव्हा साम्य २३ टक्के आले होते. ते बघून ती घाबरली. डीटीपी सेंटरवाल्याने सांगितले, "पर्सेंट कमी करून देतो." त्याने सगळा मजकूर वाक्ये फिरवून देणाऱ्या एका ऑनलाइन साधनातून काढला. साम्य ४ टक्क्यांवर आले. पैसे घेतले, काम झाले.

त्या साधनाने तिच्या प्रत्येक वाक्यातले शब्द बदलले होते. त्यामुळे शब्दांचे गट तुटले आणि साम्य उतरले. पण हे बदल यंत्राने केलेले होते, म्हणून दुसऱ्या यंत्राला मजकुरात यंत्राची ढब दिसली. एका आकड्याचा इलाज करताना दुसरा आकडा वाढला. शिवाय अर्थाचीही वाट लागली होती. मुलाखत दिलेल्या बाईंनी सांगितलेले 'उधारी' दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांनी आले होते आणि एका ठिकाणी त्याचा अर्थच बँकेचे कर्ज असा झाला होता.

मूळ २३ टक्क्यांचा रिपोर्ट आम्ही उघडला. रंगलेल्या ओळींत मोठा भाग फेरीवाला कायद्यातल्या व्याख्यांचा आणि संविधानातल्या कलमांचा होता. तिने अवतरणचिन्हे दिली नव्हती. नियमावलीनुसार संदर्भासह दिलेली अवतरणे आणि कायद्याचा मजकूर मोजणीतून वगळायचा असतो. खरी चूक फक्त एका प्रकरणात होती. तिथे दोन पाने एका लेखातून संदर्भ न देता घेतलेली होती. ती तिने मान्य केली.

मग ती मार्गदर्शकांकडे गेली. रिपोर्ट न नेता तीन वह्या घेऊन. बाजाराच्या दिवसांच्या तारखा, कोणत्या बाईंनी काय सांगितले, भाजीच्या ओझ्याचे वजन, फोनवरच्या मुलाखतींच्या रेकॉर्डिंग, आणि पेनड्राइव्हवर पडलेले पहिले कच्चे खर्डे. मार्गदर्शकांनी वही उघडून चार प्रश्न विचारले. तिने न बघता उत्तरे दिली. मूळ खर्ड्यावरून प्रबंध पुन्हा तयार झाला, ती दोन पाने नव्याने लिहिली, अवतरणे नीट दिली. साम्य ८ टक्के आले. चारपेक्षा आठ जास्त, पण हे आठ तिचे स्वतःचे होते.

नियम कुठे अपुरे पडतात?

यूजीसीची नियमावली २०१८ ची. तेव्हा असे लिहिणारे यंत्र लोकांच्या हातात नव्हते. तिच्या चार पायऱ्या साम्यासाठी आहेत. एआय डिटेक्टरचा '४५ टक्के' आकडा उचलून ४० ते ६० च्या पायरीत बसवणे आणि मुलाला वर्षभर थांबवणे चूक आहे. मीटर वेगळा, मोजलेली गोष्ट वेगळी, मग शिक्षेची फूटपट्टी तीच कशी?

याचा अर्थ यंत्राकडून लिहून घेणे चालते असा नाही. त्याच नियमावलीनुसार विद्यार्थ्याला लेखी द्यावे लागते की हे काम त्याने स्वतः तयार केले आहे, ते मूळ आहे आणि प्लेजरिझमपासून मुक्त आहे. यंत्राकडून लिहून घेणारा ही हमी मोडतो, मग साम्य शून्य का असेना. हा गुन्हा त्या हमीशी संबंधित आहे आणि तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो.

हरियाणातल्या सोनीपतच्या जिंदाल ग्लोबल लॉ स्कूलमध्ये २०२४ मध्ये हेच घडले. एलएलएमच्या एका विद्यार्थ्याची उत्तरे ८८ टक्के एआयने लिहिलेली ठरवून त्याला नापास केले गेले. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे कोर्टात सांगितले आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे अशा आकड्याला पुरावा मानायचे का, हा प्रश्न तिथे सुटला नाही. पण तो वकिलीचा विद्यार्थी होता, त्याला कोर्टाची वाट माहीत होती. आपल्या मुलांपैकी किती जण हायकोर्टाची पायरी चढू शकतील?

त्यामुळे त्याआधीची पायरी माहीत असावी. आरोप झाला तर नियमावलीनुसार विभागाच्या पातळीवर एक समिती असते, तिच्यात विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि ही सॉफ्टवेअर जाणणारी एक व्यक्ती असावी लागते. समितीने नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळायचे असते, म्हणजे तुमचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. ४५ दिवसांत अहवाल संस्थेच्या समितीकडे द्यायचा असतो. केबिनमध्ये बोलावून तोंडी 'तू चोरी केलीस' म्हणणे ही प्रक्रिया नव्हे. आरोप लेखी मागा. साम्याचा आहे की एआयचा, हे स्पष्ट लिहून मागा. कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या तारखेला, कोणती फाइल, हे विचारा.

आणि त्याआधी, लिहायला बसल्यापासून स्वतःचे पुरावे जपा. क्षेत्रकार्याची वही तारखेसह ठेवा. जुना खर्डा पुसून त्यावरच नवीन लिहू नका, प्रत्येक वेळी वेगळ्या नावाने साठवा. ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहिले तर त्याचा बदलांचा इतिहास आपोआप राहतो. प्रबंध मराठीत असेल तर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. सेंटरवाल्याने 'पर्सेंट कमी करून देतो' म्हटले तर फाइल परत घ्या आणि रंगलेल्या ओळी स्वतः बघा. जिथे अवतरणचिन्ह हवे तिथे द्या, जिथे संदर्भ राहिला तिथे घाला, जिथे खरेच उचलले आहे तिथे पुस्तक मिटून स्वतः लिहा.

आमच्या अभ्यासिकेत आता एक कपाट यासाठी ठेवले आहे. प्रबंध लिहिणारा प्रत्येक जण आपली वही आणि खर्ड्यांची प्रत तिथे ठेवतो. भाजीबाजाराच्या त्या तीन वह्याही तिथेच आहेत. नवीन मुले आली की ती कार्यकर्ती आधी त्या वह्या दाखवते आणि मग रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.